‘लाल चट्टे, खाज, क्रीम लावून फरक नाही’: त्वचेची ढोबळ नोंद प्रमाण शब्दांत आणि ठरलेल्या क्रमाने कशी लिहावी

कळवा, मुंब्रा, घणसोली, तुर्भे या पट्ट्यातून माझ्याकडे त्वचारोगाचे जे पेशंट चिठ्ठी घेऊन येतात, त्यांतल्या बऱ्याच चिठ्ठ्यांत दोनच शब्द असतात: ‘रॅश’ आणि ‘पॅच’. सोबत एखादं निदान प्रश्नचिन्हासह. चिठ्ठी लिहिणाऱ्याने पेशंट नीट पाहिलेला असतो, पण पाहिलेलं कागदावर उतरत नाही. पेशंट येईपर्यंत दोन आठवडे जातात, मधे आणखी एखादी क्रीम लावली जाते आणि मूळ चित्र पुसलं जातं. त्यानंतर ती चिठ्ठीच एकमेव पुरावा उरते.

हा लेख फॅमिली डॉक्टर, इंटर्न आणि आरोग्य केंद्रात नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण घेतलंय ते आपल्याकडे सगळ्यांत जास्त दिसणारं आणि नोंदीत सगळ्यांत जास्त फसणारं, म्हणजे कमरेवर आणि जांघेत पसरलेले, आधीच क्रीम लावून बदललेले चट्टे.

## तयारी

सामान थोडंच लागतं. पारदर्शक प्लास्टिकची मोजपट्टी, टॉर्च, भिंग, हातमोजे, कापसाची वात आणि सलाइनमध्ये भिजवलेला गॉज. मोजपट्टी पारदर्शकच घ्या. तिने मोजताही येतं आणि त्वचेवर दाबून लाली जाते का तेही पाहता येतं.

पेशंटला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्या. पिवळ्या बल्बखाली लाली आणि तपकिरी रंग वेगळे करता येत नाहीत. टॉर्च समोरून मारू नका, त्वचेला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उंचवट्याची सावली पडते. क्रीम, पावडर, हळद, जे काही लावलं असेल ते आधी ओल्या गॉजने हलकेच पुसा. पावडरचा थर पापुद्र्यासारखा दिसतो आणि क्रीमखाली खरा पापुद्रा दिसत नाही.

कपडे बाजूला करायला सांगताना कारण सांगा, परवानगी घ्या आणि गरजेप्रमाणे सोबत मदतनीस ठेवा. जांघ न पाहता ‘जांघेत रॅश’ लिहिलेलं मी वारंवार पाहिलं आहे. पेशंटने सांगितलेलं आणि आपण पाहिलेलं यांची सरमिसळ तिथूनच सुरू होते.

इशारा: ताप असून दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके, त्वचा दुखून काळपट पडणं, किंवा तोंडात-डोळ्यांत जखमांसह अंगभर फोड दिसले, तर शब्द जुळवत बसू नका. पेशंट तातडीने हॉस्पिटलला पाठवा. नोंद नंतर पूर्ण करता येते.

## टप्पा १: जुनी नोंद तीन भागांत फोडा

ही चिठ्ठी बघा. पेशंट नमुन्याचा आहे, पण अशा चिठ्ठ्या रोजच्या आहेत.

> ३४ / पु. रबाळे एमआयडीसीत काम. कमरेला व जांघेत लाल गोल रॅश, २ महिने. खूप खाज. अ‍ॅलर्जी? फंगल? क्रीम लावली, आधी बरं, परत वाढलं. सोरायसिस रूल आउट करावा.

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने करा. पेशंटने सांगितलेलं पहिल्यात जातं: दोन महिने, खाज, क्रीमने आधी बरं वाटून परत वाढणं. डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्यात: कमर, जांघ, लाल, गोल. आपण काढलेला अर्थ तिसऱ्यात: अ‍ॅलर्जी, फंगल, सोरायसिस.

पुनर्लेखन फक्त मधल्या रकान्याचं करायचं आहे. पहिला रकाना इतिहासात जातो, तिसरा शेवटी निदानाच्या ओळीत. वर्णनात निदान शिरलं की पुढचे सगळे शब्द त्या निदानाकडे झुकतात. ‘सोरायसिससारखा प्लाक’ लिहिणाऱ्याला मग पापुद्राही चंदेरी दिसू लागतो.

आता मधल्या रकान्यात किती कमी उरलं ते पाहा. कमर, जांघ, लाल, गोल. ‘रॅश’ तर कशातच बसत नाही, कारण त्यातून त्वचा सपाट आहे की उचललेली हे कळत नाही.

इशारा: पेशंट समोर नसेल आणि हातात फक्त जुनी नोंद असेल, तर नोंदीत नसलेली गोष्ट प्रमाण शब्दाच्या आडून घालू नका. ‘गोल’ याचं ‘अ‍ॅन्युलर’ करणं ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे. गोल म्हणजे नाण्यासारखा भरीव असू शकतो, तो डिस्कॉइड. अ‍ॅन्युलर म्हणजे कडेला ठळक आणि मध्ये निवळलेला. निदानाच्या वाटा इथे वेगळ्या होतात. कळत नसेल तर ‘गोल, मध्यभाग निवळला आहे का याची नोंद नाही’ असं लिहा. फोनवरच्या फोटोलाही हाच नियम लागू. फोटोवरून उंची, दाबल्यावरचा बदल आणि संवेदना ठरवता येत नाहीत.

## टप्पा २: प्राथमिक लेझन ठरवा

वर्णनाच्या वाक्यात हे एक नाम असतं, बाकी सगळी त्याची विशेषणं. नाम चुकलं तर विशेषणं कितीही अचूक असली तरी वाचणारा दुसरंच काही डोळ्यांसमोर आणतो.

पहिला प्रश्न: बोटाला लागतं का? डोळे मिटून बोट चांगल्या त्वचेवरून चट्ट्यावर सरकवा. कड लागलीच नाही तर लेझन सपाट आहे, लहान असेल तर मॅक्यूल, मोठा असेल तर पॅच. कड लागली तर लेझन उंचावलेलं आहे. लहान ते पॅप्युल, पठारासारखं पसरट मोठं ते प्लाक, आणि जे खोलवर घट्ट लागतं, बोटांच्या चिमटीत धरता येतं, ते नोड्यूल.

दुसरा प्रश्न: आत द्रव आहे का? स्वच्छ द्रव असलेला छोटा फोड व्हेसिकल, मोठा बुला. पू असेल तर पश्च्यूल. आपल्या बोलण्यात हे तिन्ही ‘फोड’ असतात, नोंदीत ते वेगळे करावेच लागतात. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्याने आलेले, लाल त्वचेवर गुच्छाने बसलेले व्हेसिकल म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात नागीण येते. ‘छातीवर फोड’ यावरून काहीच कळत नाही.

लहान-मोठ्याची सीमा काही पुस्तकांत ०.५ सेंमी आहे, काहींत १ सेंमी. या वादात पडू नका. शब्दापुढे मोजमाप लिहिलं की वाचणारा त्याच्या पुस्तकाप्रमाणे समजून घेतो.

‘पॅच’ हा शब्द आपण सैल वापरतो. प्रमाण अर्थाने तो सपाटच. आपल्या चिठ्ठीतल्या पेशंटच्या चट्ट्याची कड बोटाला स्पष्ट लागते, म्हणून तो प्लाक.

तपासा: पेशंट ‘पित्त उठलं’ म्हणत असेल तर एका चट्ट्याभोवती पेनाने रेघ काढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. व्हील साधारणपणे २४ तासांच्या आत जागा सोडते किंवा मावळते. दुसऱ्या दिवशीही चट्टा त्याच रेघेत असेल, तर ‘व्हील’ लिहिण्याआधी पुन्हा विचार करा.

एकाच पेशंटमध्ये दोन-तीन प्रकारची लेझन असू शकतात. तेव्हा सगळ्यांत नवं, न खाजवलेलं, क्रीम न लागलेलं लेझन शोधा आणि नाम त्यावरून ठरवा. जुन्या, सोललेल्या चट्ट्यावरून ठरवलं तर मूळ रोगाऐवजी नखांचं काम लिहिलं जातं.

## टप्पा ३: पृष्ठभाग

सुटे, कोरडे, भुशासारखे किंवा पापुद्र्यासारखे थर म्हणजे स्केल. पाझरलेलं पाणी, पू किंवा रक्त वाळून बसलेलं म्हणजे क्रस्ट. पेशंट दोन्हीला ‘खपली’ म्हणतो. शंका असेल तर ओला गॉज काही मिनिटं ठेवा. क्रस्ट मऊ होऊन सुटते आणि खाली ओलसर जागा दिसते. ती वरवरची असेल तर इरोजन, खोल असेल तर अल्सर.

स्केल फक्त ‘आहे’ लिहू नका, कुठे आहे तेही लिहा. सगळ्या चट्ट्यावर सारखा, की कडेला जास्त? नायट्याकडे बोट दाखवणारी गोष्ट नेमकी कडेची असते. खाजवल्याच्या रेघा म्हणजे एक्स्कोरिएशन. सतत चोळून जाड झालेली, रेषा ठळक झालेली त्वचा म्हणजे लायकेनिफिकेशन.

आपल्या पेशंटकडे बारीक पांढरा स्केल आहे, पण फक्त कडेला आणि तोही थोडा. हे ‘थोडा’ लिहायलाच हवं. स्टेरॉइड असलेली क्रीम लावली की नायट्याचा स्केल आणि लाली दोन्ही कमी होतात, कड पुसट होते, पण बुरशी पसरत राहते.

## टप्पा ४: रंग

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लाली क्वचितच लाल दिसते. ती तपकिरी, जांभळट किंवा नुसती ‘आजूबाजूपेक्षा गडद’ दिसते. पुस्तकातल्या फोटोसारखा लाल रंग शोधत बसलो तर लाली नाहीच असं लिहिलं जातं. त्याच पेशंटची, त्याच भागातली चांगली त्वचा शेजारी धरून तुलना करा आणि हाताच्या मागच्या बाजूने उबदारपणा पाहा.

मग पारदर्शक पट्टी दाबा. रंग फिका झाला तर तो रक्तवाहिन्या फुगल्यामुळे आहे, म्हणजे एरिथेमा. तसाच राहिला तर रक्त बाहेर झिरपलेलं आहे, म्हणजे पर्प्युरा, किंवा तो रंगद्रव्याचा डाग आहे. हे एक वाक्य नोंदीत हवंच: ‘दाबल्यावर फिका होतो’ किंवा ‘होत नाही’.

‘पांढरा डाग’ मात्र वेगळा थांबून बघा. रंग कमी झाला आहे, म्हणजे हायपोपिगमेंटेड, की पूर्ण गेला आहे, खडूसारखा, म्हणजे डिपिगमेंटेड? त्वचा ताणल्यावर किंवा हलकं खरवडल्यावर भुसा निघतो का? आणि संवेदना आहे का?

तपासा: फिका किंवा लालसर, बरेच दिवस टिकलेला चट्टा असेल तर संवेदना तपासल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नका. आधी डोळे उघडे असताना कापसाची वात कशी लागते ते दाखवा. मग डोळे मिटायला सांगा, वातीने स्पर्श करा आणि जिथे लागलं तिथे पेशंटला बोट ठेवायला सांगा. चांगल्या त्वचेशी तुलना करा. कुष्ठरोगाचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून पेशंट त्याबद्दल तक्रार करत नाही. नोंदीत ‘संवेदना’ हा शब्दच नसेल तर पुढचा डॉक्टर ती पाहिली होती असं धरून चालतो. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र संवेदना शाबूत असली तरी कुष्ठरोग नाही असं ठरवता येत नाही.

## टप्पा ५: कड, आकार, मांडणी

कड स्पष्ट म्हणजे पेनाने रेघ मारता येईल अशी. अस्पष्ट म्हणजे चट्टा कुठे संपला यावर दोघांचं एकमत होणार नाही अशी. एकाच चट्ट्याची कड एका बाजूला स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला अस्पष्ट असू शकते. तसं असेल तर तसंच लिहा, सरासरी काढू नका.

‘आकार’ आपण साइजसाठीही वापरतो आणि शेपसाठीही. मी नोंदीत सेंटिमीटरसाठी ‘मोजमाप’ आणि शेपसाठी ‘आकार’ ठेवते. दोन वेगळे शब्द ठेवले की दोनपैकी एक लिहायचा राहिला तर लगेच लक्षात येतं.

आकार एका लेझनचा असतो: अ‍ॅन्युलर, डिस्कॉइड, अर्धवर्तुळी, रेषीय. मांडणी लेझनांच्या आपसातल्या नात्याची असते: सुटी, गुच्छात, एकमेकांत मिसळलेली. आपल्या पेशंटच्या सगळ्यांत मोठ्या प्लाकमध्ये बाहेरच्या कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं. ‘गोल’ या शब्दात हे दडून गेलं होतं. कड्यात कडं दिसलं की स्टेरॉइड लावून बदललेल्या नायट्याचा संशय बळावतो.

## टप्पा ६: संख्या, मोजमाप, पसारा

मोजता येत असतील तितके मोजा. फार असतील तर ‘असंख्य’ लिहा आणि सगळ्यांत लहान व सगळ्यांत मोठ्याचं मोजमाप द्या. ‘रुपयाएवढा’ लिहू नका, नाणी बदलतात. पसरलेल्या भागाचा अंदाज द्यायचा असेल तर पेशंटचा स्वतःचा तळवा बोटांसह साधारण १ टक्का धरतात.

मग पसारा. सममित की एकाच बाजूला? वळ्यांत की कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला? उन्हाला उघड्या भागात? घट्ट इलॅस्टिकच्या रेषेवर? ठाण्याच्या दमट हवेत, दिवसभर घट्ट जीन्स आणि लोकलची गर्दी, यात कमरेची रेघ आणि जांघ एकत्र दिसणं नेहमीचं. तरी ते दिसलं म्हणून निदान लिहू नका, जागा लिहा.

न सापडलेलंही लिहा, पण निवडून. या पेशंटसाठी टाळू, कोपर, गुडघे आणि नखं पाहणं गरजेचं आहे, कारण चिठ्ठीत सोरायसिसची शंका होती. तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या, कारण बुरशी तिथूनही येते. पाहिलेलं नसेल तर ‘मोकळं’ लिहायचं नाही.

## टप्पा ७: आता लिहा, ठरलेल्या क्रमाने

पाहण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम वेगळा असतो, इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पाहताना आधी नाम ठरवायचं. लिहिताना वाचणाऱ्याला आधी दुरून दाखवायचं आणि मग जवळ न्यायचं. मी हा क्रम वापरते:

१. जागा आणि पसारा
२. संख्या
३. मोजमाप
४. रंग आणि दाबल्यावरचा बदल
५. प्राथमिक लेझन
६. पृष्ठभाग
७. कड
८. आकार आणि मांडणी
९. आजूबाजूची त्वचा, संवेदना, मोकळे भाग

इतर विभागांत क्रम थोडा वेगळा असेल, त्याने बिघडत नाही. तुमच्या दवाखान्यात मात्र सगळ्यांचा क्रम एकच हवा. क्रम पक्का असला की सुटलेली जागा रिकामी दिसते. गोष्टीसारखं लिहिलेल्या परिच्छेदात कड लिहायची राहिली आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पेशंट पुन्हा नीट तपासून लिहिलेली नोंद अशी:

> वर्णन: कमरपट्ट्याच्या रेषेवर व दोन्ही जांघांत, असममित. एकूण ५. सर्वांत लहान ३ × २ सेंमी, सर्वांत मोठा ११ × ८ सेंमी (उजवी जांघ). तपकिरी झाक असलेली लाली, दाबल्यावर फिकी होते. प्लाक. कडेला थोडा, बारीक पांढरा स्केल; मध्यभागी स्केल नाही; कमरेवर रेषीय एक्स्कोरिएशन. कड कमरेवर स्पष्ट व उंचावलेली, त्यावर २–३ मिमीचे पॅप्युल. जांघेत आतल्या बाजूला अस्पष्ट. अ‍ॅन्युलर, मध्यभाग तपकिरी व सपाट. सर्वांत मोठ्या प्लाकमध्ये कड्यात कडं. कमरेवरचे दोन एकमेकांत मिसळलेले. जांघेच्या आतल्या त्वचेवर जांभळट स्ट्राया. संवेदना शाबूत. टाळू, कोपर, गुडघे, नखं, तळपाय, बोटांच्या बेचक्या मोकळ्या.
>
> इतिहास: २ महिने, खाज. मेडिकलमधून आणलेली मिश्र क्रीम, सुरुवातीला आराम, नंतर वाढ. ट्यूब पाहिली: क्लोबेटासोल असलेली.
>
> मत: स्टेरॉइडने बदललेला नायटा असावा. कडेवरून केओएच तपासणी.

‘सोरायसिस रूल आउट करावा’ हे वाक्य गेलं, तरी वाचणाऱ्याला सोरायसिसच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे ते मिळालं. स्ट्राया जुन्या चिठ्ठीत नव्हत्याच. जांघ पाहिल्याशिवाय त्या दिसणार नव्हत्या. खरवड कुठून घ्यायची तेही वर्णनातच आलं: पॅप्युल आणि स्केल असलेल्या कडेवरून, तपकिरी मध्यभागातून नाही. क्रीम चालू असताना घेतलेल्या खरवडीत बुरशी दिसली नाही, एवढ्यावर ती नाहीच असं धरू नका.

तपासा: नोंद अशा सहकाऱ्याला वाचून दाखवा ज्याने पेशंट पाहिलेला नाही, आणि कागदावर चित्र काढायला सांगा. चित्र चुकलं तर कुठला मुद्दा सुटला ते तिथेच कळतं. माझ्याकडच्या इंटर्नकडून मी हेच करून घेते. सगळ्यांत जास्त चुकते ती कड.

## नेहमी होणाऱ्या चुका

‘मॅक्युलोपॅप्युलर रॅश’ हा शब्द हाताला लागला की वापरला जातो. मॅक्यूल आणि पॅप्युल दोन्ही खरंच दिसले तरच लिहा, नाहीतर जे आहे ते एकच लिहा.

‘एक्झिमॅटस’, ‘लायकेनॉइड’, ‘सोरायसिफॉर्म’ हे शब्द वर्णनासारखे वाटतात, पण ती अर्धी निदानं आहेत. मत या ओळीत चालतील, वर्णनात नकोत.

प्रमाण शब्द आठवत नसेल तर साधं मराठीत लिहा. ‘कड उचललेली, मध्ये चपटं, बोटाला खरखरीत’ ही नोंद चुकीच्या जागी वापरलेल्या ‘व्हेरुकस’पेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

## फेरतपासणीची नोंद

उपचारानंतर पेशंट परत येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, डाग तसाच आहे.’ पुष्कळदा नोंदही तशीच होते, ‘फरक नाही’, आणि औषध बदललं जातं. इथे तोच क्रम पुन्हा चालवा. वरच्या पेशंटचं उदाहरण धरलं तर फेरनोंद अशी असू शकते: ‘त्याच ५ जागा, मोजमाप तेवढंच, तपकिरी, दाबल्यावर फिका होत नाही, सपाट पॅच, स्केल नाही, कड बोटाला लागत नाही, नवे पॅप्युल नाहीत.’ मोजमाप तेच असलं तरी प्लाकचा पॅच झाला, लालीचा रंगद्रव्याचा डाग झाला आणि कडेचे पॅप्युल गेले. हा मागे उरलेला काळसरपणा आहे, तो निवळायला महिने लागू शकतात. याउलट कडेचा एखादा भाग अजून बोटाला लागत असेल आणि तिथे स्केल असेल, तर ती जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहून ठेवा, ‘उजव्या जांघेतल्या प्लाकची २ ते ४ वाजताची कड’, म्हणजे पुढची खरवड नेमकी तिथूनच घेता येते.